कडेचं गणित

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये तीन गोष्टी कायम असतात. एक कॅरम, त्याची स्ट्रायकर हरवलेली. दुसरा टीव्ही, त्याचा रिमोट हरवलेला. आणि तिसरा स्क्रॅबलचा एक जुना डबा, ज्यातलं सुदैवाने काहीच हरवलेलं नाही, कारण त्याला फारसं कोणी हात लावत नाही. "इंग्लिश मीडियमवाल्यांचा खेळ" असं म्हणून आमच्यासारखी तालुक्याहून आलेली पोरं त्याच्याकडे पाठ फिरवतात. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर "सर, ॲक्च्युअली..." च्या पुढे गाडी जात नाही, तिथे करमणूक म्हणून पुन्हा इंग्रजीशीच कुस्ती कोण खेळणार?

मी खेळलो. आणि मंडळी, सांगायचा मुद्दा हा की या खेळात जिंकायला जी इंग्रजी लागते ती आपण समजतो ती नाहीच. त्यातला एक मोठा भाग दोन अक्षरी शब्दांचा आहे आणि तो भाग भाषेपेक्षा तक्त्यासारखा पाठ करायचा आहे. आपण लॉग टेबल वापरलंय, स्टीम टेबल वापरलंय. हेही तसंच एक टेबल. या लेखात त्या टेबलाचा एकच उपयोग सांगणार आहे: बोर्डाच्या कडेने, आधीच्या शब्दाला चिकटून, समांतर शब्द कसा लावायचा.

ज्यांनी डबा उघडलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोर्ड १५ बाय १५ घरांचा. एकूण १०० ठोकळे, त्यातले दोन कोरे. प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण: ए, ई, ओ, टी, एन यांना एक, एफ आणि एच ला चार, जे आणि एक्स ला आठ, क्यू आणि झेड ला दहा. प्रत्येकाकडे सात ठोकळे. आपला शब्द आधीच्या शब्दांना कुठेतरी जोडलेला हवा आणि आडवा किंवा उभा जो जो नवा शब्द तयार होईल तो प्रत्येक डिक्शनरीत असायला हवा. बोर्डावर काही रंगीत घरं आहेत, त्यांवर अक्षराचे किंवा पूर्ण शब्दाचे गुण दुप्पट-तिप्पट होतात. सर्वांत मोलाचं घर म्हणजे शब्दाचे गुण तिप्पट करणारं. आम्ही त्याला नुसतं "ट्रिपल" म्हणतो. अशी आठ घरं आहेत आणि लक्षात घ्या, ती आठही बोर्डाच्या कडेवरच आहेत: चार कोपऱ्यांत आणि चार प्रत्येक कडेच्या बरोब्बर मध्यावर.

म्हणजे पैसा कडेला आहे. प्रश्न फक्त तिथे पोचायचं कसं.

नवशिके साधारणपणे काटकोनात खेळतात. आडवा शब्द दिसला की त्यातलं एखादं अक्षर घेऊन उभा शब्द लावायचा. त्याने बोर्ड पसरतो, पण गुण एकाच शब्दाचे मिळतात. समांतर खेळात आपण आडव्या शब्दाच्या खाली किंवा वर, त्याला लागून, दुसरा आडवा शब्द ठेवतो. मग जिथे जिथे आपलं अक्षर त्यांच्या अक्षराखाली येतं तिथे तिथे एक उभा शब्द आपोआप तयार होतो. तीन अक्षरं खाली लावली तर तीन उभे शब्द आणि एक आडवा, एकूण चार शब्दांचे गुण. अट एकच. ते तिन्ही उभे शब्द खरे असले पाहिजेत. आणि वरचा शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत असेल, आपण अगदी शेवटच्या ओळीत असू, तर खाली जागाच नाही. त्यामुळे उभे शब्द दोन अक्षरीच होणार. म्हणूनच कडेला खेळायचं तर दोन अक्षरी शब्द यायलाच हवेत.

ते किती आहेत? भारतात स्पर्धांमध्ये कॉलिन्सची यादी चालते. तिच्या २०१९ च्या आवृत्तीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. उत्तर अमेरिकेत वेगळी यादी चालते, तिथे ते कमी आहेत. म्हणून खेळायला बसण्याआधी कुठली यादी ते ठरवून घ्यावं, नाहीतर निम्मा वेळ भांडणात जातो. इंग्रजी अक्षरं २६, म्हणजे दोन-दोनच्या जोड्या ६७६ होतात. त्यातल्या १२७ चालतात, म्हणजे शंभरात साधारण १९. अंदाजाने ठेवली तर पाच वेळांपैकी चार वेळा जोडी चुकीची निघायची. अंदाज इथे चालत नाही, पाठच हवं.

मी सुरुवातीला हे १२७ शब्द ए पासून झेड पर्यंत सरळ पाठ केले होते. ते पुरत नाही, कारण बोर्डावर प्रश्न तसा येत नाही. तिथे प्रश्न येतो तो असा: "वर एच आहे, त्याच्या खाली काय चालेल?" किंवा "खाली एच आहे, त्याच्या वर काय चालेल?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी. म्हणून मी वहीच्या एका पानावर प्रत्येक अक्षरासाठी दोन रकाने केले: "नंतर काय चालतं" आणि "आधी काय चालतं". ते पान आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, मेसच्या मेनूशेजारी चिकटवलं. दात घासताना पाठ झालं.

त्या तक्त्याकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली आणि माझ्या मते ती या सगळ्या प्रकरणाची चावी आहे. बोर्डाच्या चारही कडा सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत.

खालच्या कडेला आपलं अक्षर उभ्या शब्दातलं दुसरं असतं. उजव्या कडेलाही तसंच, फक्त तिथे शब्द आडवे वाचायचे. वरच्या आणि डाव्या कडेला मात्र आपलं अक्षर पहिलं असतं. आता गंमत बघा. दोन अक्षरी शब्दात पहिलं अक्षर म्हणून एकच अक्षर कधीच येत नाही, ते म्हणजे व्ही. बाकी २५ अक्षरांनी सुरू होणारा किमान एक तरी शब्द आहे. पण दुसरं अक्षर म्हणून पाच अक्षरं कधीच येत नाहीत: सी, जे, क्यू, व्ही आणि झेड. (कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत ओ-के हा शब्द आला, त्याआधी के सुद्धा याच पंगतीत होता.)

याचा अर्थ सरळ आहे. हातात जे, क्यू किंवा झेड सारखं जड अक्षर असेल तर ते वरच्या किंवा डाव्या कडेला एखाद्या शब्दाला चिकटून बसू शकतं. खाली आणि उजवीकडे ते कधीच बसणार नाही, तिकडे बघण्यात वेळ घालवू नका. उलट एक्स हे अक्षर खालच्या आणि उजव्या कडेचं लाडकं, कारण ए, ई आणि ओ या तिन्ही स्वरांनंतर ते चालतं: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स. पहिलं अक्षर म्हणून एक्स फक्त आय आणि यू च्या आधी चालतं.

आता एक डावच उलगडून सांगतो. गॅदरिंगच्या इनडोअर गेम्समध्ये आमच्या हॉस्टेलच्या स्क्रॅबलची फायनल होती. समोर थर्ड इयरचा एक सीनियर, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, डिबेटमध्ये बक्षिसं मिळवणारा. पिशवी जवळजवळ रिकामी, तो ५८ गुणांनी पुढे: त्याचे २८९, माझे २३१. बघायला रेक्टर सर आणि मेसचे दोन काका. काकांना खेळ कळत नव्हता, पण कोण मागे आहे ते बरोबर कळत होतं.

त्याने नुकताच शेवटून दुसऱ्या ओळीत, म्हणजे १४ व्या ओळीत, एक शब्द ठेवला होता: हॉटेल. एच-ओ-टी-ई-एल. शेवटचा एल आधीच बोर्डावर होता, वरून खाली आलेल्या पूल या शब्दातला, पी-ओ-ओ-एल. त्याला हॉटेलचे फक्त १० गुण मिळाले. मग त्याने पिशवीतले उरलेले दोन ठोकळे उचलले आणि पिशवी संपली. हॉटेलमधला ई बरोब्बर आठव्या स्तंभात आला होता. त्याच्या खाली, १५ व्या ओळीत, मधलं ट्रिपल रिकामं पडलेलं.

माझ्याकडे सात ठोकळे होते: एफ, ओ, एक्स, आय, एन, टी, डी.

अशा वेळी मी शब्द शोधत बसत नाही. आधी प्रत्येक स्तंभाखाली काय चालतं ते बघतो. दारावरच्या कागदावरून उत्तरं अशी:

एच च्या खाली: ए, ई, आय, एम, ओ.
ओ च्या खाली: बी, डी, ई, एफ, एच, आय, के, एम, एन, ओ, पी, आर, एस, यू, डब्ल्यू, एक्स, वाय.
टी च्या खाली: ए, ई, आय, ओ.
ई च्या खाली: ए, डी, ई, एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, टी, डब्ल्यू, एक्स.
एल च्या खाली: तिथे वर आख्खा पूल उभा आहे, तेव्हा दोन अक्षरांचा प्रश्नच नाही. पूल्स होण्यासाठी फक्त एस.

सगळ्यात अरुंद दरवाजा कुठला? एल सोडला तर टी चा. तिथे चारच अक्षरं चालतात आणि चारही स्वर. म्हणजे माझ्या शब्दात सातव्या स्तंभात स्वर हवाच. हे कळलं की अर्धं काम झालं, कारण शब्दाचा साचा ठरला: ओ खाली काहीतरी, टी खाली स्वर, ई खाली, ट्रिपलवर, जमलं तर एक्स. व्यंजन, स्वर, एक्स. आता शब्द शोधावा लागत नाही, तो समोर येऊन उभा राहतो:

१४ वी ओळ: एच | ओ | टी | ई | एल
१५ वी ओळ: — | एफ | ओ | एक्स | —

फॉक्स. उभे शब्द ओ-एफ, टी-ओ आणि ई-एक्स. चारही शब्द प्राथमिक शाळेतल्या पोराला माहीत असणारे, किंवा ई-एक्स बद्दल म्हणाल तर कॉलेजातल्या प्रत्येकाला माहीत असणारे.

आता गुण मोजा. फॉक्सचे चार अधिक एक अधिक आठ, म्हणजे १३. एक्स ट्रिपलवर आहे म्हणून ३९. ओ-एफ चे ५. (तो ओ ज्या घरावर आहे तिथे अक्षराचे गुण तिप्पट होतात, पण तो फायदा ठेवणाऱ्याने एकदाच घेतलेला असतो, मला पुन्हा नाही.) टी-ओ चे २. आणि ई-एक्स चे ९, पण एक्स आत्ताच ट्रिपलवर ठेवलेला असल्यामुळे हा शब्दही तिप्पट, म्हणजे २७. एकूण ७३. तीन ठोकळ्यांत ७३! हाच फॉक्स साध्या घरांवर, कुठलाच जोड शब्द न होता, १३ गुणांचा असता. त्या ७३ मध्ये एकट्या एक्सचे ४८ आहेत, कारण तो दोन दिशांना मोजला गेला आणि दोन्हीकडे तिप्पट झाला. म्हणून नियम लक्षात ठेवा: समांतर शब्दात आपलं सगळ्यात जड अक्षर रंगीत घरावर येईल अशी मांडणी करायची. शब्द किती भारी आहे याला फार अर्थ नाही.

फिक्स ठेवला असता तरी ७३ च मिळाले असते, टी खाली आय चालतोच. मी ओ खर्च केला आणि आय ठेवला, कारण पाटीवर उरलेल्या एन, टी, डी या तिघांशी आय ची दोन अक्षरी सोयरीक आहे: आय-एन, आय-टी, आय-डी. डावाच्या शेवटी जागा कमी असते, तेव्हा अशी तडजोड करणारी अक्षरं जवळ असलेली बरी. आणि हातात ए, पी, ई असते तर एपेक्स बसला असता, एच पासून ई पर्यंत चारही अक्षरांखाली, ७७ गुणांचा. पण नसलेल्या ठोकळ्यांचं दुःख करायचं नसतं.

इथे बरेच जण कुठे पडतात तेही सांगतो. टॅक्स हा शब्द फॉक्ससारखाच दिसतो: व्यंजन, स्वर, एक्स. टी खाली ए चालतो, ई खाली एक्स चालतो. पण ओ खाली टी येतो आणि ओ-टी हा शब्द नाही. चारपैकी एक शब्द खोटा ठरला की आख्खी चाल परत, तिन्ही ठोकळे पाटीवर आणि गुण शून्य. "बाकीचे तीन तरी द्या" हे चालत नाही. टी-ओ आहे म्हणून ओ-टी असेलच असं नाही. म्हणून ठोकळे बोर्डावर टेकवण्याआधी प्रत्येक उभी जोडी वरून खाली मनात वाचायची. आडवा शब्द डोळ्यांना छान दिसतो, घात नेहमी उभ्या जोडीत होतो.

आता तो कडांचा फरक याच उदाहरणात बघू. समजा हॉटेल वरच्या बाजूला, दुसऱ्या ओळीत, त्याच स्तंभांत आहे आणि आपल्याला पहिल्या ओळीत त्याच्या डोक्यावर शब्द ठेवायचा आहे. फॉक्स? उभ्या जोड्या होतील एफ-ओ, ओ-टी, एक्स-ई. तिन्ही खोट्या! खाली तिन्ही खऱ्या, वर तिन्ही खोट्या. मग वर काय बसेल? जेट. जे-ई-टी. उभे शब्द जे-ओ, ई-टी, टी-ई आणि तिन्ही यादीत आहेत. जेटचे १० तिप्पट होऊन ३०, जे-ओ चे ९, ई-टी चे २, टी-ई चे २ तिप्पट होऊन ६. एकूण ४७. आणि हाच जेट खालच्या कडेला ठेवला तर? ओ खाली जे येतो, आणि जे तर त्या पाचांपैकी एक. चाल बाद. खाली फॉक्स, वर जेट. एवढं एक चित्र डोक्यात ठेवलं तरी कडेचा अर्धा अभ्यास झाला.

परत फायनलकडे येऊ. फॉक्स ठेवल्यावर माझे ३०४ झाले, त्याचे २८९. सीनियर बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिला. चॅलेंज करायलाही जागा नव्हती. ओ-एफ हा शब्द आहे का असं कोण विचारणार?

कडेच्या चालीचा दुसरा फायदा त्याला तेव्हा जाणवला असावा. बोर्डाच्या मध्यावर समांतर खेळलं तर समोरचा आपल्या शब्दाच्या खाली तिसरी ओळ लावून तीच युक्ती आपल्यावर उलटवतो. कडेला खाली ओळच नाही. फॉक्सच्या डावीकडे काही लावून शब्द वाढत नव्हता. उजवीकडे फॉक्सी किंवा फॉक्सेस करायचं तर एल खाली वाय किंवा ई येणार आणि पूल च्या पुढे ते चालत नाहीत. म्हणजे मी गुणही घेतले आणि दाराला कडीही लावली.

पण कडी फक्त खालून लागते, वरून नाही. फॉक्सने केलेले उभे शब्द वरच्या बाजूला वाढू शकतात. ई-एक्सच्या वर व्ही ठेवला की व्ही-ई-एक्स असा तीन अक्षरी खरा शब्द होतो. सीनियरकडे व्ही होता! मात्र त्या घराच्या शेजारीच पूल मधला ओ होता, त्यामुळे तिथे व्ही ठेवायचा तर आडवा शब्दही व्ही-ओ ने सुरू होणारा हवा. उरलेल्या अक्षरांपैकी एकही त्याला तिथे बसवता आलं नाही. कडेला खेळल्यावर "आता सगळं बंद" असं समजून स्वस्थ बसू नये ते यासाठी. आपण केलेल्या प्रत्येक जोडीच्या दुसऱ्या टोकाला काय लागू शकतं ते बघावंच.

त्याने दुसरीकडे तीन ठोकळे लावून १८ गुण घेतले, ३०७ झाले. माझ्या पाटीवरचे चारही ठोकळे एकदम गेले, ११ गुणांना, ३१५. मी संपलो तेव्हा त्याच्याकडे व्ही आणि आय उरले होते, पाच गुणांचे. नियमाप्रमाणे ते त्याचे वजा आणि माझे अधिक. शेवट ३२० विरुद्ध ३०२.

ठोकळे गोळा करताना तोच म्हणाला, "हॉटेल ठेवायला नको होतं रे." मी म्हटलं, "हॉटेल ठीक होतं. टी नको होता." कारण तेव्हा त्याच्या पाटीवर व्ही होता आणि त्याच जागी हॉव्हेल बसत होता, एच-ओ-व्ही-ई-एल, म्हणजे झोपडी. गुण १३, हॉटेलपेक्षा तीन जास्तच. आणि व्ही ची गंमत आठवा: त्याच्यानंतर दोन अक्षरी शब्दात काहीही येत नाही. व्ही खालचं घर कायमचं बंद. मग ओ पासून ई पर्यंत सलग तीन अक्षरी शब्द लागलाच नसता. ट्रिपलवर एकटा एक्स ठेवून ई-एक्सचे २७ तेवढे मला मिळाले असते, म्हणजे २५८. त्याचे २९२. तिथून मी वर येणं अवघड होतं. एका अक्षराचा फरक, हॉटेल की झोपडी. सीनियरची इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली आहे, झोपडीला काय म्हणतात ते त्याला माहीत होतंच. पण कडेजवळ शब्द ठेवताना त्याचा अर्थ बघायचा नसतो, त्याच्या प्रत्येक अक्षराला खालून काय लागेल ते बघायचं असतं.

म्हणून बचावाचा नियम असा. खालच्या किंवा उजव्या कडेच्या शेजारच्या ओळीत शब्द ठेवावाच लागला तर ट्रिपलच्या आसपास व्ही असेल असं बघा. तो नसेल तर सी, आर किंवा क्यू बघा, कारण यांच्यानंतर प्रत्येकी एकच अक्षर चालतं: सी नंतर एच, आर नंतर ई, क्यू नंतर आय. वरच्या आणि डाव्या कडेजवळ हेच काम सी, जे, क्यू, व्ही आणि झेड करतात, त्यांच्या आधी काहीच चालत नाही. आणि ए, ई, ओ हे तीन उदार स्वर ट्रिपलच्या दारात उभे करू नका. एकट्या ओ नंतर १७ अक्षरं चालतात आणि ए नंतर १६.

या युक्तीची मर्यादाही सांगायला हवी. समांतर खेळाने बोर्ड घट्ट होतो. नवे लांब शब्द लावायला जागा उरत नाही. सातही ठोकळे एकदम लावले तर ५० गुण जादा मिळतात, पण त्यासाठी मोकळी जागा लागते. तुम्ही पुढे असाल तर घट्ट बोर्ड तुमच्या फायद्याचा. बरेच मागे असाल आणि पिशवीत अजून ठोकळे असतील, तर कडेला १५-२० गुणांची चाल करून दार लावून घेणं म्हणजे स्वतःच कोंडून घेणं. मी ५८ ने मागे असताना कड लावली ती चाल ७३ ची होती म्हणून. २५ ची असती तर मी ती जागा उघडी ठेवून दुसरीकडे बघितलं असतं.

आता त्या "इंग्लिश मीडियमवाल्यांच्या खेळा"बद्दल. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू मानला जातो. २०१५ मध्ये त्याने फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नाही. फ्रेंच शब्दांची यादी त्याने काही आठवड्यांत पाठ केली होती. २०२४ मध्ये त्याने स्पॅनिशचीही जागतिक स्पर्धा जिंकली, स्पॅनिश न बोलता. यादी आणि मांडणी, बस्स. आपण त्याच्या नखाचीही सर करू शकत नाही, पण १२७ शब्द म्हणजे काही आख्खी डिक्शनरी नाही. एम-थ्रीचे फॉर्म्युले परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करणाऱ्या पोरांना ते जड नाही.

माझी व्हायवातली इंग्रजी अजून तशीच आहे. "सर, ॲक्च्युअली..." च्या पुढे अजूनही धक्का मारावा लागतो. फक्त आता इंग्रजी अक्षरं समोर आली की पहिल्यासारखं पोटात गोळा येत नाही, कारण त्यातल्या ६७६ जोड्यांपुरतं तरी मला ठाऊक आहे की कोणाचं कोणाशी जमतं.

दारावरचा कागद अजून तिथेच आहे. ज्यांना हवा त्यांनी येऊन उतरवून घ्यावा, फक्त मेसच्या मेनूवर काही लिहू नये. आणि उतरवताना दोन्ही रकाने उतरवा. "नंतर काय" हा रकाना खालच्या आणि उजव्या कडेसाठी, "आधी काय" हा वरच्या आणि डाव्या कडेसाठी. एकच रकाना पाठ केलात तर बोर्डाच्या दोनच कडा तुमच्या, उरलेल्या दोन समोरच्याच्या.